व्हीवॅपची रेषा: भाव टेकला म्हणून घ्यायचं, की आधी रेषेकडे बघायचं?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी देवगडजवळ राहतो. आंब्याचा हंगाम आटपला की पावसाळाभर सकाळी सव्वानऊ ते साडेतीन मोबाइलवर इंट्राडे करतो. भांडवल एक लाख. पाच मिनिटांच्या चार्टवर व्हीवॅप लावलंय. भाव रेषेच्या वर गेला की घ्यायचं, खाली आला की विकायचं, एवढंच मला ठाऊक. काही दिवस ते छान चालतं, पण बहुतेक दिवशी भाव रेषेच्या अलीकडे-पलीकडे उड्या मारतो आणि माझे स्टॉपलॉस एकामागून एक उडतात. ही रेषा खरंच योग्य भाव दाखवते का? दाखवत असेल, तर माझं चुकतं कुठे?

— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर

नमस्कार. बंदरावरचा मासळीचा लिलाव तुम्ही पाहिलेला असणारच, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

समजा पहिली होडी लागली आणि बांगड्याच्या १० पाट्या २,००० रुपयांनी गेल्या, कारण हॉटेलवाल्यांना घाई होती. मग चार होड्या एकदम आल्या आणि ७० पाट्या १,२०० ने गेल्या. शेवटी उरलेल्या २० पाट्या १,००० ने सुटल्या. तिन्ही दरांची नुसती सरासरी काढली तर १,४०० रुपये येते. पण १,४०० हा आकडा त्या दिवशीच्या बंदराचं खरं चित्र दाखवत नाही, कारण २,००० ने घेणारे मोजकेच होते. एकूण १,२४,००० रुपये मोजले गेले आणि १०० पाट्या उचलल्या गेल्या, म्हणजे एका पाटीमागे १,२४० रुपये पडले. हा १,२४० म्हणजे बांगड्याचा त्या दिवसाचा व्हीवॅप, व्हॉल्युमनुसार भारित सरासरी भाव. जिथे माल जास्त फिरला, त्या दराला जास्त वजन.

रेषा एवढंच सांगते: आज ज्यांनी शेअर घेतले, त्यांना ते सरासरी कितीला पडले. प्रत्येक घेणाऱ्यासमोर एक विकणारा असतो, त्यामुळे आज विकलेल्यांना सरासरी किती मिळाले, तेही हाच आकडा सांगतो. भाव रेषेच्या वर असेल तर आजचे खरेदीदार एकंदरीत नफ्यात आहेत आणि आज शॉर्ट केलेले, म्हणजे आधी विकून नंतर परत घेणारे, तोट्यात. खाली असेल तर उलट. ‘योग्य भाव’ हा शब्द या मर्यादेतच खरा आहे. कंपनीची किंमत काय, काल घेतलेल्याला शेअर कितीला पडला, महिनाभर धरून बसलेल्याचं काय, यातलं काहीच ही रेषा सांगत नाही. दररोज सकाळी सव्वानऊला ती कोऱ्या पाटीवर सुरू होते.

मग एवढे लोक तिच्याकडे डोळे लावून का बसतात? कारण मोठी खरेदी करणाऱ्यांचं काम तिच्यावर जोखलं जातं. अमेरिकेत १९८८ साली बर्कोविट्झ, लोग आणि नोझर या तिघांनी न्यूयॉर्क शेअर बाजारातल्या व्यवहारखर्चावर निबंध लिहिला आणि दलालाने ऑर्डर चांगली पुरी केली की वाईट, हे ठरवायला दिवसाचा भारित सरासरी भाव हे माप पुढे ठेवलं. ते माप टिकलं. आज एखाद्या फंडाला पाच लाख शेअर घ्यायचे असले तर तो एका दमात घेत नाही. दिवसभर व्हॉल्युमच्या प्रमाणात तुकडे पाडून घेतो, आणि संध्याकाळी त्याची सरासरी व्हीवॅपशी ताडून पाहिली जाते. आपल्या एनएसईतही याचा उपयोग आहे. दुपारच्या ब्लॉक डीलच्या, म्हणजे मोठ्या एकगठ्ठा सौद्यांच्या, खिडकीसाठी जो आधारभाव धरतात, तो पावणेदोन ते दोन या पंधरा मिनिटांतला व्हीवॅपच असतो.

तुमच्या प्रश्नाची मेख इथेच आहे. चढत्या दिवशी भाव रेषेपाशी उतरला की तिथून उचलला जातो, कारण ज्याची खरेदी अजून अर्धवट आहे, त्याला सरासरीच्या भावात किंवा त्याहून स्वस्तात माल मिळतोय. तो तिथे हात आखडत नाही. पण ज्या दिवशी असा अर्धवट खरेदीचा माणूस बाजारात नाही, त्या दिवशी रेषेपाशी कोणीच उभं नसतं. भाव तिच्यातून असा आरपार जातो, जणू ती नाहीच. चार्टवर दोन्ही दिवशी रेषा सारखीच दिसते. म्हणून ‘भाव टेकला का’ हा प्रश्न दुसरा. ‘आज रेषेपाशी कोणी उभं आहे का’ हा पहिला.

हे ओळखायला रेषा कशी बनते ते एकदा हाताने करून पाहा. चार्ट प्रत्येक कॅण्डलचा उच्च, नीच आणि बंद भाव घेऊन तिघांची सरासरी काढतो आणि तिला त्या कॅण्डलच्या व्हॉल्युमने गुणतो. ८०० च्या आसपासचा एक शेअर धरू. पहिल्या पाच मिनिटांत उच्च ८०६, नीच ७९८, बंद ८०५, म्हणजे सरासरी ८०३, आणि व्हॉल्युम १,२०,०००. दुसऱ्या कॅण्डलची सरासरी ८०५, व्हॉल्युम ६०,०००. तिसरीची ८०२, व्हॉल्युम ४०,०००. तिन्ही गुणाकारांची बेरीज १७,६७,४०,००० होते, एकूण शेअर २,२०,०००. भागाकार ८०३.३६. तिसरी कॅण्डल ८०१ ला बंद झाली असेल, तर साडेनऊला भाव रेषेखाली २ रुपये ३६ पैशांवर आहे. एक्सेलमध्ये C रकान्यात सरासरी आणि D मध्ये व्हॉल्युम भरला की सूत्र एवढंच:

```
=SUMPRODUCT(C2:C4,D2:D4)/SUM(D2:D4)
```

आता याच शेअरमध्ये पुढची कॅण्डल रेषेच्या १० रुपये वर झाली आणि तिचा व्हॉल्युम ४०,००० असला, तर साडेनऊला ती एकटी कॅण्डल रेषेला १ रुपया ५४ पैसे वर ओढते. तीच कॅण्डल, तेवढाच व्हॉल्युम, तेवढंच अंतर, पण दुपारी अडीचला, जेव्हा दिवसाचा व्हॉल्युम २२ लाखांवर गेलेला असतो, तेव्हा रेषा फक्त १८ पैसे हलते. दिवस सरत जातो तशी रेषा जड होत जाते. हा तिचा दोष नाही, सगळ्या दिवसाची सरासरी अशीच वागणार. पण यातून दोन गोष्टी निघतात. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात रेषा इतकी हलकी असते की ती भावाच्या मागे मागे फरफटत जाते. तेव्हा ‘भाव रेषेला टेकला’ याला काही अर्थ नसतो. आणि दुपारी अडीचनंतर ती इतकी जड असते की सपाट दिसते, मग भाव जोरात चाललेला असो वा नसो. तिचा कल पाहून काही ठरवायचं असेल, तर ते पावणेदहा ते साधारण दीड या वेळेत.

आता तुमचे स्टॉपलॉस उडतात तो दिवस पाहू. शेअर ८०० ते ८०६ मध्ये घुटमळतोय. पावणेदहाला रेषा ८०३.१० वर होती, साडेदहाला ८०३.४० वर. पाऊण तासात तीस पैसे! या शेअरची पाच मिनिटांची कॅण्डल सरासरी अडीच रुपये उंच आहे. म्हणजे भाव एका कॅण्डलमध्ये जेवढा फिरतो, त्याच्या आठव्या हिश्शाइतकीही रेषा पाऊण तासात सरकली नाही. अशा दिवशी घेणारे आणि विकणारे एका भावावर समाधानी असतात. रेषा योग्य भाव अगदी अचूक दाखवत असते, आणि नेमकं म्हणूनच तिच्यावर खरेदी करण्यात काही हशील नसतं. भावाला तिथून कुठे जायचंच नाहीये.

तुमच्या नियमाने अशा दिवशी काय होतं, त्याचा हिशेब मांडतो. कॅण्डल रेषेच्या वर ८०३.८० ला बंद झाली, तुम्ही घेतलं. थोड्या वेळाने ८०२.४० ला खाली बंद झाली, तुम्ही विकलं. शेअरमागे १ रुपया ४० पैसे गेले. १०० शेअरचा व्यवहार असेल तर वर खर्च: प्रत्येक ऑर्डरला २० रुपये ब्रोकरेज धरलं तर येऊन-जाऊन ४०, विक्रीच्या रकमेवर ०.०२५ टक्के एसटीटी म्हणजे सुमारे २०, आणि एक्स्चेंजचं शुल्क, जीएसटी, स्टॅम्प ड्यूटी मिळून आणखी पंधरा-सोळा. एकूण साधारण ७६ रुपये, म्हणजे शेअरमागे ७६ पैसे. एका उडीला २१६ रुपये गेले. सकाळपासून पाच उड्या झाल्या तर १,०८० रुपये, आणि शेअर आहे तिथेच आहे. लक्षात घ्या, यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसा भावाने नेला नाही, खर्चाने नेला. सेबीने जुलै २०२४ मध्ये रोख बाजारातल्या इंट्राडेवर अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ या वर्षात दर दहा वैयक्तिक ट्रेडरांपैकी सात तोट्यात होते, आणि वर्षाला ५०० हून जास्त व्यवहार करणाऱ्यांत हे प्रमाण दहांत आठ झालं. वरच्या पाच उड्या पाहिल्या की त्यामागचं एक कारण समजतं.

तेव्हा पावणेदहाला रेषेचा आकडा कागदावर लिहा, साडेदहाला पुन्हा लिहा. दोन्हीतला फरक पाच मिनिटांच्या एका सरासरी कॅण्डलच्या उंचीपेक्षा कमी असेल, तर त्या शेअरमध्ये त्या दिवशी रेषेवर खरेदी नाही. दुसरी खूण म्हणजे या वेळात भाव किती वेळा रेषेच्या एका बाजूला बंद होऊन पुन्हा दुसऱ्या बाजूला बंद झाला ते मोजा. तीनदा किंवा जास्त असेल तर तोच निकाल. हे दोन्ही कामचलाऊ नियम आहेत. शेअरनुसार थोडे कमीजास्त करावे लागतील, पण नुसत्या डोळ्याने ‘रेषा चढतेय असं वाटतं’ म्हणण्यापेक्षा ते कितीतरी बरे, कारण मोबाइलच्या पडद्यावर चार्ट ताणला की कुठलीही रेषा चढती दिसते.

आता दुसरा दिवस. तोच शेअर, काल ७९० ला बंद झालेला, आज ८०० ला उघडला. पावणेदहाला रेषा ८०४ वर. साडेदहापर्यंत भाव ८१९ ला जाऊन आला आणि रेषा ८०८.५० वर चढली. साडेचार रुपये चढली, कॅण्डलची सरासरी उंची तीन रुपये, कसोटीला उतरली. या वेळात भाव एकदाही रेषेखाली बंद झाला नाही. चढताना प्रत्येक कॅण्डलचा व्हॉल्युम ४५,००० ते ६०,००० होता.

साडेदहानंतर भाव उतरू लागतो. इथे तुम्ही फक्त किंमत बघता, तिथे व्हॉल्युमही बघा. उतरतानाच्या कॅण्डल २८,०००, २२,०००, १८,०००, शेवटी १२,००० अशा आटत आल्या. म्हणजे ज्यांनी सकाळी घेतलं, ते घाईने विकत नाहीयेत. थोडी नफावसुली चालली आहे, एवढंच. अकरा वाजून पाच मिनिटांनी भाव रेषेपाशी पोहोचतो. भाव वरच असल्यामुळे रेषाही तोवर ८०९.५० वर आली आहे. एक कॅण्डल ८०९.२० पर्यंत, म्हणजे रेषेच्या किंचित खाली जाते, तिथून वळते आणि ८११.६० ला बंद होते. तिचा उच्च भाव ८१२, आणि तिचा व्हॉल्युम आधीच्या १२,००० वरून वाढून २६,००० झालेला. रेषेपाशी कोणीतरी उभं होतं, त्याची ही खूण.

टेकताक्षणी घ्यायचं नाही. त्या कॅण्डलच्या उच्च भावाच्या किंचित वर, ८१२.१० ट्रिगरची खरेदीची एसएल ऑर्डर लावायची, म्हणजे भाव तिथे पोहोचला तरच ती जागी होते. भाव तिथे आलाच नाही तर व्यवहार नाही. स्टॉपलॉस रेषेवर ठेवायचा नाही, तो त्या कॅण्डलच्या नीच भावाच्या खाली, ८०८.९० ला. तुमचे स्टॉपलॉस उडण्याचं एक मोठं कारण हेच असावं. रेषेला अगदी चिकटून स्टॉपलॉस ठेवला की दहावीस पैशांच्या हेलकाव्यात तो जातो आणि भाव पुन्हा वर येतो. रेषा ही सरासरी आहे, भाव तिच्या चार पैसे खाली जाणारच.

क्वांटिटी नंतर काढायची, आधी नाही. एका व्यवहारात ४०० रुपयांहून जास्त घालवायचे नाहीत असं ठरवलं, तर शेअरमागे जोखीम ३.२० रुपये आणि खर्च सुमारे ८० पैसे, मिळून ४ रुपये. म्हणजे १०० शेअर. एक लाखाच्या भांडवलात ८१,२०० रुपयांचा हा व्यवहार मार्जिनला हातही न लावता बसतो. ब्रोकर पाचपट देतो म्हणून ५०० शेअर घेतले, तर तोच स्टॉपलॉस भांडवलाच्या दीड टक्क्याहून जास्त खातो. असे लागोपाठ तीनचार गेले की नियम पाळायला मन धजत नाही.

कुठे विकायचं? सकाळचा उच्च भाव ८१९ आहे, तिथे विकणारे पुन्हा भेटणार. म्हणून त्याच्या अलीकडे ८१८.६० ला. मिळाले तर ६५० वजा खर्च, हाती ५७४ रुपये. चुकलं तर ३२० आणि खर्च मिळून ३९६ गेले. हा व्यवहार दहांत चारपेक्षा थोडा जास्त वेळा बरोबर आला तरी तोटा होत नाही. आता अनेक जण सांगतात की अर्धे टार्गेटला विकावेत आणि उरलेले सोडून द्यावेत. शंभर शेअरसाठी ते करू नका. समजा ५० शेअर ८१८.६० ला गेले आणि उरलेले ५० परत येऊन ८१५ ला विकावे लागले. नफा ४७० रुपये, पण जादा ऑर्डरमुळे खर्च शंभरावर गेला. हाती ३७० उरले, म्हणजे चुकल्यावर जातात त्याहूनही कमी. तुकडे पाडणं मोठ्या क्वांटिटीला परवडतं.

आणि भावाने खाली आल्यावर वळण घेतलंच नाही तर? रेषेवर आलेली कॅण्डल ८०७.८० ला बंद झाली आणि तिचा व्हॉल्युम ५२,००० असला, तर गणित उलटं झालं. उतरताना व्हॉल्युम आटत होता, तो रेषेखाली जाताना फुगला. सकाळी घेतलेले आता सरासरीच्या खाली गेलेत आणि निघायला बघताहेत. पुढची कॅण्डलही खाली बंद झाली, तर त्या शेअरमधली चढती बाजू त्या दिवसापुरती सोडून द्या. भाव नंतर खालून रेषेला येऊन टेकेल तेव्हा ‘परत वर आला’ म्हणून घ्यायची उबळ येते. तिथे बहुधा अडकलेले लोक आपल्या भावात सुटका करून घेत असतात, म्हणून ती जागा विकणाऱ्याची असते. शॉर्ट करणारे तिथेच करतात. तुम्ही शॉर्टच्या वाटेला जाणार असाल, तर फक्त वायदे असलेल्या मोठ्या शेअरमध्ये जा. ज्या शेअरला सर्किट लागतं, तो वरच्या सर्किटला अडकला तर तुम्हाला परत घ्यायला कोणी विकणारा मिळत नाही, शेअर द्यायचे राहतात आणि एक्स्चेंजच्या लिलावात महागात भरपाई करावी लागते.

रेषेभोवतीचे पट्टे, म्हणजे प्रमाण विचलनाचे, तुमच्या चार्टवर असतील तर सध्या बंद करा. सपाट दिवशी बाहेरच्या पट्ट्यावरून रेषेकडे परतीचा व्यवहार होतो खरा, पण चढत्या दिवशी भाव त्याच पट्ट्याला चिकटून तासन्‌तास वर जातो. दिवस कोणता हे ओळखायची सवय लागल्याशिवाय पट्टे नुकसानच करतात.

काही वेळा रेषा स्वतःच भरवशाची नसते. निफ्टीच्या निर्देशांकाला स्वतःचा व्हॉल्युम नसतो, तो पन्नास शेअरांवरून काढलेला आकडा आहे. त्यावर व्हीवॅप लावून उपयोग नाही, निफ्टी फ्युचरच्या चार्टवर लावा. कंपनीचे निकाल दुपारी दीडला आले तर सकाळपासूनची रेषा जुन्या माहितीवर झालेल्या व्यवहारांची सरासरी आहे. भाव ३० रुपये उसळला तरी ती जड होऊन खालीच पडून राहते, आणि ‘रेषेवर येईल तेव्हा घेऊ’ म्हणून वाट बघणारा दिवसभर वाटच बघतो. तेव्हा अँकर्ड व्हीवॅप निकालाच्या कॅण्डलपासून लावा, म्हणजे निकाल कळल्यानंतर घेणाऱ्यांची सरासरी दिसेल. आणि ज्या शेअरमध्ये कधीकधी पाच मिनिटांत दोनचारशेच शेअर फिरतात, तिथे एखादा मोठा व्यवहार एकटा रेषा ओढून नेतो. ती त्या एका माणसाची सरासरी झाली, बाजाराची नव्हे.

चार्टवर सेटिंगमध्ये `Anchor Period` समोर `Session` आणि `Source` समोर `hlc3` आहे ना, ते एकदा बघा. तिथे चुकून `Week` असेल तर तुम्ही आठवड्याची रेषा बघताय. मग ब्रोकरच्या ॲपमध्ये त्याच शेअरची मार्केट डेप्थ उघडा. तिथे `Avg. price` असा आकडा असतो, तो प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांवरून काढलेला दिवसाचा सरासरी भाव. चार्टची रेषा त्याच्याशी दहावीस पैशांच्या फरकाने जुळायला हवी. थोडा फरक पडणारच, कारण चार्ट कॅण्डलची सरासरी धरतो, प्रत्येक सौदा नाही. शिवाय नऊच्या प्री-ओपनमधला व्हॉल्युम काही चार्ट धरतात, काही धरत नाहीत. पण दोनतीन रुपयांचा फरक दिसला तर चार्टचा डेटा तुटलाय असं समजा. पावसात रेंज गेली आणि मधल्या काही कॅण्डल आल्याच नाहीत, तर त्यानंतरची सगळी रेषा चुकते, आणि ती दिसायला अगदी नेहमीसारखीच दिसते. पान पुन्हा उघडून तो आकडा परत ताडा, तोवर नवीन व्यवहार नको.

पावसाचा विषय निघालाच आहे तर शेवटचं आणि तुमच्या भागात सगळ्यात गरजेचं. जून ते सप्टेंबर लाइट कधी जाईल आणि टॉवर कधी बसेल याचा नेम नाही. तेव्हा ‘खाली बंद झाली की विकेन’ असा मनातला स्टॉपलॉस चालणार नाही. खरेदी झाल्याझाल्या त्याच मिनिटाला विक्रीची एसएल ऑर्डर एक्स्चेंजकडे गेली पाहिजे. वरच्या उदाहरणात ट्रिगर ८०८.९० आणि लिमिट ८०८.४०. दोन्ही एकच ठेवली तर घाईच्या पडझडीत भाव लिमिट ओलांडून खाली निघून जातो आणि ऑर्डर तशीच लटकून राहते. पन्नास पैशांची जागा त्यासाठी. व्यवहार इंट्राडे प्रकारातच नोंदवलाय याची खात्री करा, म्हणजे रेंज आलीच नाही तरी तीन-सव्वातीनच्या सुमाराला ब्रोकर आपणहून तो मिटवतो. नेमकी वेळ आणि त्यासाठीचं जादा शुल्क ब्रोकरप्रमाणे बदलतं, ते आधी बघून ठेवा. मात्र ब्रोकरने तसा मिटवला की तुमची एसएल ऑर्डर रद्द झाली ना, हे रेंज आल्यावर तपासा. ती जागी राहिली तर नको असलेला शॉर्ट होऊन बसतो. फोनवरून ऑर्डर घेणारा ब्रोकरचा नंबर मोबाइलमध्ये नको, कागदावर लिहून ठेवा. मोबाइल बंद पडला तर शेजारच्याच्या फोनवरून लावता येईल, आणि त्याबरोबर तुमचा क्लायंट आयडीही त्याच कागदावर असू द्या, फोन उचलणारा पहिल्यांदा तोच विचारतो.